पहिला पॉप उजवा की डावा?

पोस्टफिक्स `8 3 - 2 -` डावीकडून वाचा. 8 आणि 3 स्टॅकवर जातात. `-` आला की पहिल्या पॉपला 3 मिळतो, आणि तो वजाबाकीतला उजवा ऑपरंड असतो. डावा 8 त्याच्या खाली असतो. इथे अदलाबदल झाली तर 5 ऐवजी -5 येतो. बेरीज-गुणाकारात ही चूक लपून राहते, म्हणून चाचणीला वजाबाकीच घ्या.

प्रीफिक्स `- - 8 3 2` मात्र उजवीकडून वाचायचं. 2, 3, 8 या क्रमाने पुश होतात, त्यामुळे पहिला पॉप डावा ठरतो. पोस्टफिक्सचा कोड जसाच्या तसा उचलला की हमखास इथेच घोळ होतो.

साध्या `8 - 3 - 2` चं झाड करताना चिन्हांचा वेगळा स्टॅक ठेवा आणि संख्यांच्या जागी नोड पुश करा. दुसरा `-` आला की आधीचा समान अग्रक्रमाचा `-` आधी काढून त्याचा नोड बनवा:

```
while prec(top) >= prec(op): make_node()
```

(स्टॅक रिकामा झाला किंवा वर `(` दिसला की थांबायचं.) `>=` ऐवजी `>` लिहिलं तर झाड उजवीकडे कलतं आणि उत्तर 3 ऐवजी 7 येतं. घातांकाला मात्र `>` च हवं.