लिंक उघडली नाही, तरी वेबसाइटला कळलं: प्रिव्ह्यूच्या या चुका टाळा

दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम करतो. मागच्या खरिपात एक काका फोन घेऊन आले. पीक विम्याचे पैसे मंजूर झाल्याचा एसएमएस होता, खाली लिंक. काका म्हणाले, "भाऊ, म्या तं बोटही नाई लावलं लिंकले. निस्ती गटात टाकून इचारलं, खरी हाय का म्हणून."

काका खरंच बोलत होते आणि त्यांनी सावधपणाच केला होता. पण पहिली चूक इथेच होते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक पेस्ट केली की वर चित्र आणि मथळ्याची छोटी चौकट येते, तिलाच प्रिव्ह्यू म्हणतात. ती चौकट तयार करायला पाठवणाऱ्याचा फोन स्वतः त्या वेबसाइटवर जाऊन मथळा आणि चित्र आणतो. म्हणजे काकांनी उघडली नसली, तरी त्यांच्या फोनने त्या दारावर थाप मारली होती. त्या साइटच्या नोंदवहीत साधारण अशी ओळ पडते (पत्ता आणि आकडे नमुन्याचे):

```
203.0.113.25  GET /k/7Qx41  "WhatsApp/2.24.6.77 A"
```

पहिला आकडा आयपी पत्ता. त्यावरून कोणत्या कंपनीचं नेट आहे ते कळतं आणि ढोबळ भाग कळतो. मोबाइल नेटवर तो बहुतेकदा नागपूर किंवा मुंबई दाखवतो, आपलं गाव नाही. शेवटचा भाग सांगतो की मागणी व्हॉट्सअ‍ॅपकडून आली, आणि `A` म्हणजे अँड्रॉइड. शिवाय वेळ नोंदली जाते. फोन नंबर, नाव, गटातलं बोलणं यातलं काहीही जात नाही.

मग एवढं काय बिघडलं? बिघडतं ते मधल्या `7Qx41` मुळे. फसवणारे प्रत्येक नंबरला वेगळा कोड लावून लिंक पाठवू शकतात. कोणता कोड कोणत्या नंबरला गेला, याची यादी त्यांच्याकडे असते. त्या कोडवर मागणी आली की त्यांना समजतं: हा नंबर चालू आहे, माणसाने मेसेज वाचला, आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे सरकवली. नंबर प्रिव्ह्यूने सांगितला नाही, तो त्यांच्याकडे आधीच होता. प्रिव्ह्यूने फक्त खूण जुळवून दिली. काकांना दोन दिवसांनी "विमा अधिकारी" म्हणवणाऱ्याचा फोन आला, ओटीपी मागायला. तो याच खुणेमुळे आला, हे सिद्ध करता येणार नाही. पण त्यांची लिंक अशीच कोडवाली होती.

दुसरी चूक मी स्वतः कित्येकदा केली आहे. चौकट दिसली की तिच्या कोपऱ्यातलं ✕ दाबायचं आणि वाटायचं, बरं झालं, काढलं. चौकट दिसली याचा अर्थ फोन जाऊन परत आलेला असतो. ✕ ने ती फक्त तुमच्या मेसेजमधून जाते, साइटवरची नोंद तशीच राहते.

म्हणून बंद आधीच करायचं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये हा रस्ता आहे:

```
Settings → Privacy → Advanced → Disable link previews
```

इथे नीट वाचा: बटण "बंद करा" याचं आहे, त्यामुळे ते चालू करायचं. ते हिरवं दिसलं म्हणजे प्रिव्ह्यू बंद. घाईत उलटं करून ठेवणारे मी पाहिले आहेत. सिग्नल या अ‍ॅपमध्ये उलट आहे: `Settings → Chats → Generate link previews`, ते बंद करायचं.

हे केल्यावर तक्रार येते, "बंद केलं तरी गटात चौकटी दिसतातच." त्या दुसऱ्यांनी पाठवलेल्या लिंकच्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर बनते आणि मेसेजसोबत येते, त्यामुळे ती पाहताना तुमचा फोन त्या साइटवर जात नाही. हे बटण तुम्ही पाठवता त्या लिंकपुरतंच आहे. तुमच्या भाच्याने तीच लिंक कॉपी करून दुसऱ्या गटात टाकली, तर त्याचा फोन जाईल, आणि नोंद पुन्हा तुमच्याच कोडखाली पडेल.

टेलिग्रामचं वेगळं आहे. साध्या गप्पांत चौकट त्यांचा सर्व्हर बनवतो, म्हणून साइटला तुमचा आयपी न दिसता टेलिग्रामचा दिसतो. कोड मात्र तिथेही जातोच, म्हणजे मेसेज वाचला गेल्याची खूण पोहोचते.

संशयाची लिंक कोणाला दाखवायचीच असेल, तर एसएमएसचा स्क्रीनशॉट पाठवा. चित्रातल्या अक्षरांवरून फोन प्रिव्ह्यू काढायला जात नाही. फक्त आधी लिंकचा शेवटचा कोड बोटाने रंगवून झाका, नाहीतर गटातलं कोणी तो जसाच्या तसा टाइप करून पाहतं.

बटण लागलं की नाही, हे तपासायला स्वतःलाच मेसेज पाठवण्याच्या चॅटमध्ये ओळखीच्या वर्तमानपत्राची लिंक पेस्ट करा आणि थोडं थांबा. चौकट आली नाही, नुसता निळा पत्ता गेला, तर बटण लागलं आहे.