ई-रुपया, स्टेबलकॉइन आणि बँकेतली ठेव: पैसे कोणाकडून येणं आहेत हे न पाहता होणाऱ्या चुका

द्राक्षाचा हंगाम आटोपला की निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार हिशेबाचे कागद घेऊन येतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात दोन प्रश्न हमखास निघतात. ई-रुपया म्हणजे सरकारी क्रिप्टोच ना? आणि यूएसडीटी म्हणजे डॉलरच ना? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे: ई-रुपया हा रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया, तर यूएसडीटी हे स्टेबलकॉइन, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं खासगी कंपनीचं डिजिटल नाणं. पण त्याआधी तिसरा प्रश्न यायला हवा आणि तो कोणी विचारत नाही: बँकेच्या खात्यात दिसणारा आकडा तरी नेमका काय असतो?

तिन्ही गोष्टी मोबाइलच्या पडद्यावर सारख्याच दिसतात. खरा फरक एवढाच पाहायचा की उद्या अडचण आली तर हे पैसे आपल्याला देणं कोण लागतं. बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळेच होतात.

चूक: खात्यातली शिल्लक म्हणजे तिजोरीत ठेवलेले आपले पैसे, असं धरणं

आपण बँकेत पैसे भरतो तेव्हा ते बँकेचे होतात आणि बँक आपली देणेकरी होते. ठेव म्हणजे बँकेला दिलेली उधारी. म्हणूनच तर ती व्याज देते. बँक धडधाकट असेतोवर हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले की. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. पासबुकातला आकडा तसाच होता, पण तो हातात येत नव्हता.

अशा वेळी ठेव विमा आणि पत हमी महामंडळ मदतीला येतं. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही हमी प्रत्येक बँकेमागे, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपये आहे. गफलत होते ती हे ५ लाख मोजण्यात.

समजा, एका शेतकऱ्याची एका सहकारी बँकेच्या पंचवटी शाखेत ४,५०,००० ची मुदत ठेव आहे. त्याच बँकेच्या नाशिकरोड शाखेत बचत खात्यावर ८०,००० आहेत आणि आजवरचं व्याज ३०,००० झालं आहे. शाखा दोन असल्या तरी बँक एकच, त्यामुळे सगळं एकत्र धरलं जातं आणि व्याजही त्यातच येतं. एकूण झाले ५,६०,०००. विम्यातून ५ लाख मिळतील. उरलेल्या ६०,००० साठी बँकेची मालमत्ता विकून काय हाती लागतं याची वाट पाहावी लागेल. आता त्याच शेतकऱ्याचं त्याच बँकेचं १ लाखाचं पीककर्ज बाकी असेल, तर बँक ते आधी वळतं करून घेऊ शकते. मग निव्वळ ठेव ४,६०,००० उरते आणि ती सगळी विम्यात बसते. बाप-लेकाचं संयुक्त खातं मात्र बापाच्या एकट्याच्या खात्यात मिळवत नाहीत, त्याची मर्यादा वेगळी.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर सर्वसमावेशक निर्बंध आले की विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली आहे. पण हे सगळं बँकांपुरतंच. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांचं जाळं दाट आहे आणि ‘नागरी सहकारी’ हे शब्द बँकेच्याही पाटीवर असतात, पतसंस्थेच्याही. म्हणून पावतीवर ‘बँक’ लिहिलंय की ‘पतसंस्था’, हे ठेव ठेवण्याआधी वाचून घ्या.

चूक: ई-रुपयाला यूपीआय समजणं, किंवा क्रिप्टो समजणं

नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आपल्या नाशिकरोडलाच आहे, त्यामुळे हे नाशिककरांना समजायला सोपं जावं. प्रेस नोट छापते, पण ती रक्कम देण्याचं वचन रिझर्व्ह बँकेचं असतं. नोटेवर गव्हर्नरची सही असते ती त्यासाठीच. ई-रुपया म्हणजे तेच वचन, कागदाशिवाय. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘बँक नोट’ या व्याख्येत डिजिटल रूपही घातलं आणि १ डिसेंबर २०२२ ला सामान्य ग्राहकांसाठी त्याची पथदर्शी चाचणी सुरू झाली. ई-रुपयाचं डिजिटल पाकीट बँकेच्या ॲपमध्ये असलं तरी त्यातली रक्कम बँकेची देणी नाही, रिझर्व्ह बँकेची आहे. ती बँक उद्या अडचणीत आली, तरी त्या रकमेला ५ लाखांच्या मर्यादेचा प्रश्न येत नाही.

यूपीआय ही नुसती वाट आहे. त्या वाटेने एका खात्यातली ठेव दुसऱ्या खात्यात जाते. ई-रुपया हा स्वतःच पैसा आहे. ओळखायचं असेल तर बँकेचं स्टेटमेंट उघडा. खात्यातून पाकिटात २,००० भरले की तेवढी एक नोंद खर्ची पडते. नंतर त्या पाकिटातून दूध, भाजी, पेट्रोल काहीही घेतलं, तरी त्याची ओळ स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. एटीएममधून नोटा काढून खर्च केल्यावर दिसत नाही, तसंच.

दुकानदारांची तक्रार नेमकी इथूनच सुरू होते. ‘गिऱ्हाईक म्हणतं पैसे गेले, माझ्या खात्यात तर दिसत नाहीत.’ अशा वेळी आधी कोणता क्यूआर लावला आहे ते पाहा. ई-रुपयाचा क्यूआर असेल तर रक्कम दुकानदाराच्या ई-रुपया पाकिटात गेली आहे, पासबुकात शोधून ती सापडणार नाही. पाकीट उघडून ती खात्यात वळती करावी लागते. साधा यूपीआयचा क्यूआर असेल, तर गिऱ्हाइकाने ई-रुपयातून दिलं तरी दुकानदाराला रक्कम बँक खात्यातच मिळते. म्हणजे देणाऱ्याकडे ती रिझर्व्ह बँकेची देणी होती, घेणाऱ्याकडे पोहोचताच त्याच्या बँकेची ठेव झाली.

क्रिप्टोशी असलेला फरक आयकरात स्वच्छ दिसतो. आभासी डिजिटल मालमत्तेच्या व्याख्येतून भारतीय चलन वगळलेलं आहे, त्यामुळे क्रिप्टोवरचा ३० टक्के कर किंवा १ टक्का टीडीएस ई-रुपयाला लागत नाही. मात्र त्यावर व्याजही मिळत नाही. खिशातली नोट व्याज देत नाही, तसंच हे. ज्या रकमेवर व्याज हवं ती इथे पडून ठेवू नका. आणि ‘डिजिटल रुपयात गुंतवा, भाव वाढणार आहे’ असं कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे, हे धरून चला. एक ई-रुपया उद्याही एकच रुपया असतो.

चूक: स्टेबलकॉइन म्हणजे डॉलरच, असं मानणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. यूएसडीटी टेथर कंपनीचं, यूएसडीसी सर्कल कंपनीचं. यामागे कोणतीही मध्यवर्ती बँक नाही. कंपनी म्हणते की प्रत्येक नाण्यामागे आम्ही एक डॉलर राखीव ठेवतो. तो राखीव पैसा कुठे ठेवलाय, यावर सगळं अवलंबून असतं.

१० मार्च २०२३, शुक्रवार. अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली. त्या रात्री सर्कलने सांगितलं की यूएसडीसीच्या सुमारे ४० अब्ज डॉलरच्या राखीव निधीपैकी ३.३ अब्ज त्याच बँकेत अडकले आहेत. तिथला ठेव विमा २.५ लाख डॉलरपर्यंतच, म्हणजे या रकमेपुढे नगण्य. शनिवार-रविवार बँका बंद, त्यामुळे कंपनीकडून नाणं देऊन डॉलर घेण्याची वाट अडली. बाजारात मात्र विक्री चालूच होती. शनिवारी भाव ८८ सेंटच्याही खाली गेला. १,००० यूएसडीसी ८८ सेंटने विकणाऱ्याच्या हातात ८८० डॉलर आले. रविवारी संध्याकाळी अमेरिकी सरकारने त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं जाहीर केलं आणि सोमवारी भाव पुन्हा एक डॉलरजवळ आला.

या घटनेत तिन्ही प्रकारचे पैसे एकावर एक उभे असलेले दिसतात. स्टेबलकॉइन उभं होतं बँकेतल्या ठेवीवर. ठेव डळमळली तसं तेही डळमळलं. ठेवीला सावरलं ते सरकार आणि मध्यवर्ती बँकेने. ई-रुपया याच सगळ्यात खालच्या पायरीवर असतो, त्याच्या खाली मोडण्यासारखी दुसरी बँक नाही.

आपल्याकडच्या माणसाला आणखी एक पायरी वर चढावी लागते. टेथरकडून थेट डॉलर परत घ्यायचे तर ओळख पडताळणी केलेलं खातं आणि किमान १ लाख डॉलरचा व्यवहार लागतो. म्हणून छोटा धारक एक्स्चेंजवर, म्हणजे अशा नाण्यांची खरेदी-विक्री जिथे होते त्या कंपनीवर, अवलंबून. नाणी एक्स्चेंजच्याच पाकिटात असतील तर त्याचं येणं टेथरकडून नाही, एक्स्चेंजकडून आहे. आणि इथे ठेव विमा कुठल्याच पायरीवर नाही. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातूनच काय, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही.

खातं गोठलं तर

यूएसडीटी थेट अनोळखी माणसाला विकून खात्यावर रुपये घेणाऱ्यांच्या नशिबी बऱ्याचदा हे येतं. समोरच्याने पाठवलेले रुपये सायबर फसवणुकीतले असतात. फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस पैशांचा माग काढत आपल्या खात्यापर्यंत येतात आणि रक्कम अडवली जाते. बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडण्यात अर्थ नाही, आदेश बँकेचा नसतो. तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणं आणि नेमकी किती रक्कम अडवली आहे, हे लेखी मागा. वादातली रक्कम २०,००० असेल आणि सगळं खातं बंद केलं असेल, तर तेवढीच अडवून बाकीचं मोकळं करावं असा अर्ज त्या तपास अधिकाऱ्याकडे द्या. सोबत एक्स्चेंजवरच्या व्यवहाराची नोंद, समोरच्याशी झालेलं चॅट आणि स्टेटमेंट जोडा.

निर्यातदारांनी तर हा रस्ता धरूच नये. परदेशी खरेदीदार द्राक्षाच्या कंटेनरचे पैसे यूएसडीटीत देतो म्हणाला, फी वाचेल म्हणाला, तरी नकार द्या. निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेमार्फतच यावे लागतात. ते तसे आले नाहीत, तर निर्यातीचे पैसे आले की नाही यावर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस यंत्रणेत ते शिपिंग बिल उघडंच राहतं, बँकेकडून वसुलीचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि पुढच्या हंगामात कागदपत्रं करायला गेलं की बँक जुन्या बिलाचा हिशेब विचारते.