एका मुलीच्या गोष्टीतून देणगीचे आवाहन कसे करावे

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारी एखादी संस्था पुण्यात देणगीदारांचा मेळावा घेत आहे, असे समजा. आवाहनासाठी पाच मिनिटे पुरेशी असतात आणि ती एकाच मुलीच्या गोष्टीला द्यावीत.

सर्वांत करुण गोष्ट शोधू नये. जिच्यात संस्थेच्या मदतीने नेमके काय बदलले हे दाखवता येते, ती निवडावी. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेले आईवडील दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडावर जातात, घरी सांभाळणारे कोणी नसल्याने सातवीतली मुलगीही जाते, तिथल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळते आणि हंगाम संपवून परतते तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. पुढच्या हंगामात ती वसतिगृहात राहते आणि वार्षिक परीक्षा देते. एवढीच गोष्ट सांगावी. वडिलांचे व्यसन किंवा घरातील आजारपण त्यात ओढून आणू नये.

मजकूर तयार झाला की मेळाव्याच्या आठवडाभर आधी तो मुलीला आणि तिच्या पालकांना मराठीत वाचून दाखवावा, त्यांना नको असलेले वाक्य कारण न विचारता काढावे आणि मगच लेखी संमती घ्यावी. नाव व गाव बदलावे, तसे बदलल्याचे श्रोत्यांना सांगावे. मुलीला व्यासपीठावर उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण संस्थेच्या आधाराने शिकणाऱ्या मुलीला ‘नाही’ म्हणणे फार अवघड असते.

गोष्टीच्या मध्येच जिल्ह्याची आकडेवारी आणण्याचा मोह कार्यकर्त्यांना हमखास होतो. अमेरिकेतील संशोधकांच्या २००७ च्या एका अभ्यासात एका मुलीच्या माहितीला आकडेवारीची जोड दिल्यावर देणग्या वाढण्याऐवजी घटल्या. म्हणून आकडे छापील पत्रकात द्यावेत.

गोष्ट संपताच रक्कम स्पष्ट मागावी. एका मुलीचा हंगामभराचा खर्च १८,००० रुपये येत असेल, तर ‘यंदा अशा ४० मुली प्रतीक्षेत आहेत, एका मुलीचा हंगाम १८,००० रुपयांत पार पडतो, आपण किती मुलींचा भार उचलाल?’ असे विचारून वक्त्याने थांबावे. अर्ध्या मिनिटाची ती शांतता असह्य होऊन बहुतेक वक्ते पुन्हा बोलू लागतात आणि खिशाकडे गेलेले हात थबकतात. या वेळी स्वयंसेवकांनी देणगीपत्रे टेबलांवर फिरवावीत. आवाहन जेवणाआधीच करावे, कारण नंतर पाहुणे निघण्याच्या घाईत असतात.

देणगीपत्रावर नाव, पत्ता आणि पॅन किंवा आधार क्रमांक घ्यावा. करसवलतीच्या प्रमाणपत्रासाठी ही माहिती लागते. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हेही तिथेच छापावे. परदेशी नागरिकाने रक्कम देऊ केल्यास संस्थेची विदेशी अंशदानाची नोंदणी असल्याखेरीज ती स्वीकारू नये.