मुळाच्या टोकाचा फोटो आणि पेशींची मोजणी: या चुका टाळा

अकरावीच्या बॅचमधल्या दोन मुली एकाच बेंचवर बसून एकाच फोटोतल्या पेशी मोजत होत्या. किती टक्के पेशी विभाजनाच्या कोणत्या अवस्थेत आहेत ते काढायचं होतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची तयार स्लाइड, 45 चा ऑब्जेक्टिव्ह, आयपीसला मोबाइल टेकवून काढलेला फोटो. अप्पा बळवंत चौकातून प्रिंट काढून आणली होती आणि तिच्यावर पट्टीने 8 सेंमी बाजूचा चौकोन आखला होता. एकीला त्या चौकोनात 88 पेशी सापडल्या, दुसरीला 57. दोघींनी तीनतीनदा मोजलं आणि आकडे तेच राहिले. म्हणजे गणती चुकलेली नव्हती. प्रत्येकीने मनातल्या मनात वेगळा नियम लावला होता आणि तो कुणीच बोलून दाखवला नव्हता.

फरक होता चौकोनाच्या रेषेवर कापल्या गेलेल्या 31 पेशींचा. पहिलीने रेषेला लागलेली प्रत्येक पेशी धरली, दुसरीने एकही धरली नाही. वीस वर्षं पुण्यात जीवशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते आहे. जर्नलमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच, आणि ती मोजणी सुरू होण्याआधीच झालेली असते.

इथे रक्तपेशी मोजतानाचा नियम वापरा: वरच्या आणि डाव्या रेषेला लागलेल्या पेशी धरायच्या, खालच्या आणि उजव्या रेषेला लागलेल्या सोडायच्या. एखादी पेशी कोपऱ्यात दोन रेषांना लागत असेल आणि त्यातली एक खालची किंवा उजवी असेल, तर तीही सोडायची. अशाने कापल्या गेलेल्या पेशींपैकी साधारण निम्म्या आत येतात आणि निम्म्या बाहेर राहतात. दोघींनी नियम लावून पुन्हा मोजलं, तेव्हा दोघींचा आकडा 72 आला.

चौकोन प्रिंटवर आखा, मोबाइलवर फोटो कापून चौकोनी करू नका. फोटो कापला की रेषेवरच्या पेशीचा उरलेला भाग जातो, आणि तिचं केंद्रक कदाचित त्याच भागात असतं. आखलेल्या रेषेपलीकडे निदान डोकावता येतं. मुळाच्या टोकात पेशी उभ्या रांगांत बसलेल्या असतात, म्हणून रांगेने चला आणि मोजलेल्या प्रत्येक पेशीवर पेन्सिलीने टिंब द्या. नुसतं बोट फिरवत मोजलं तर तिसऱ्या रांगेत कुठे होतो ते विसरायला होतं.

आता त्या 72 मधल्या 11 चौकटी रिकाम्या होत्या. भिंती स्पष्ट, आत फिकट गुलाबी, केंद्रकाचा पत्ता नाही. एका मुलीने त्यांच्यापुढे ‘मृत पेशी’ लिहिलं. दुसरीने त्या ‘अंतरावस्थेत’ टाकल्या, कारण विभाजन दिसत नव्हतं. दोन्ही चूक. तयार स्लाइड म्हणजे मुळाचा उभा छेद, आणि त्या छेदाची जाडी सहसा एका पेशीच्या जाडीपेक्षा कमी असते. पातं पेशीच्या कडेने गेलं तर केंद्रक शेजारच्या कापात जातं आणि आपल्याला फक्त भिंतीची चौकट दिसते. ती पेशी कोणत्या अवस्थेत होती हे आपल्याला माहीतच नाही. म्हणून अवस्थांची टक्केवारी काढताना ती वरही धरायची नाही आणि खालच्या एकूण संख्येतही नाही. 72 मधून 11 गेल्या, उरल्या 61. हिशोब या 61 वर करायचा आणि जर्नलमध्ये ‘केंद्रक न दिसणाऱ्या 11 पेशी वगळल्या’ असं एक वाक्य लिहायचं.

मूळ स्वतः उगवून, रंग देऊन, अंगठ्याने दाबून स्लाइड केली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अख्खी पेशी चपटी होते, केंद्रक कापलं जात नाही. पण पेशी एकमेकींवर चढतात. जिथे दोन भिंती एकमेकींना ओलांडताना दिसतात तिथे ‘साधारण आठ असतील’ असा अंदाज करू नका. तो भाग सोडून चौकोन दुसरीकडे आखा.

सर्वात मोठी गडबड मात्र पूर्वावस्थेत होते, आणि तिला मुलांइतकाच कांदाही कारणीभूत आहे. पुस्तकातल्या आकृतीत अंतरावस्थेचं केंद्रक गुळगुळीत गोळ्यासारखं दाखवलेलं असतं. कांद्याचं केंद्रक विभाजन सुरू नसतानाही जाळीदार दिसतं, दाटसर दोऱ्यांचा गुंता असावा तसं. मुलं ती जाळी बघतात, ‘धागे दिसले’ म्हणतात आणि पूर्वावस्थेत एक रेघ ओढतात. पहिल्या मुलीच्या यादीत पूर्वावस्था 15, मध्यावस्था 2, पश्चावस्था 1 आणि अंत्यावस्था 2 होत्या. एकूण 20, म्हणजे 61 पैकी जवळजवळ 33 टक्के पेशी विभाजनात. आकडा इतका मोठा आला की आधी पूर्वावस्थेच्या रकान्याकडे परत जायचं.

मी तिला पुन्हा स्लाइड लावायला सांगितली. ‘‘केंद्रकाच्या आत एखादा गोल ठिपका दिसतो का बघ. बारीक स्क्रू अगदी हळू फिरव.’’

‘‘मॅडम, दोन दिसतायत. मघाशी दिसत नव्हते.’’

ती केंद्रकी. पेशी पूर्वावस्थेत पुढे सरकते तसे धागे आखूड आणि जाड होतात, एकेक वेगळा ओळखू येतो, केंद्रकी विरत जाते. म्हणून मी मुलांना एकच कसोटी देते: केंद्रकी स्पष्ट दिसते तोवर पेशी अंतरावस्थेत मोजायची. या कसोटीने अगदी सुरुवातीच्या पूर्वावस्थेतल्या काही पेशी अंतरावस्थेत जातील, हे खरं आहे. पण प्रत्येक पेशीला तोच न्याय मिळतो आणि दोन माणसांचे आकडे जुळतात. कसोटी जर्नलमध्ये लिहिली की वाचणाऱ्यालाही कळतं. मात्र फोटोत हा ठिपका बरेचदा हरवतो, कारण फोटो एकाच पातळीवर फोकस झालेला असतो. शंका आली तर स्लाइडकडेच परत जायला हवं, फोटो झूम करून काही मिळत नाही. जुलैच्या ढगाळ दुपारी आरशाच्या मायक्रोस्कोपवर उजेड कमी पडतो आणि सगळीच केंद्रकं काळी दिसतात. तेव्हा दिवा लावा, मगच ठरवा.

तिच्या 15 पैकी 9 पेशींत केंद्रकी सापडली. त्या अंतरावस्थेत गेल्या. आणखी एक पेशी मजेशीर निघाली: जाड, आखूड गुणसूत्रांचं कडं, मधली जागा मोकळी, केंद्रकाची सीमा नाही. ती पूर्वावस्था नव्हतीच, ती होती मध्यावस्था, पण टोकाकडून पाहिलेली. गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर थाळीसारखी मांडलेली असतात. थाळी कडेने पाहिली तर रेष दिसते, वरून पाहिली तर गोल. पुस्तकात फक्त रेष छापलेली असते, म्हणून गोल दिसला की मुलं बिचकतात. दुरुस्त यादी अशी झाली: पूर्वावस्था 5, मध्यावस्था 3, पश्चावस्था 1, अंत्यावस्था 2. एकूण 11, म्हणजे 61 पैकी 18 टक्के.

अंत्यावस्थेत एक पेशी धरायची की दोन, हा प्रश्न दर वर्षी येतो. दोन केंद्रकांच्या मध्ये फिकट रेषा दिसते का ते बघा. ती दोन्ही बाजूंच्या भिंतींना पोचलेली नसेल तर अजून एकच पेशी आहे. पोचली असेल तर दोन पेशी, आणि दोन्ही अंतरावस्थेत.

अठरा टक्के हा आकडा तरी त्या मुळाचा खरा आकडा आहे का? मी विचारलं, ‘‘फोटोसाठी हीच जागा का निवडलीत?’’ उत्तर प्रामाणिक होतं: इथे विभाजन छान दिसत होतं. मग आकडा मोठा येणारच. वाढीचा भाग मुळाच्या टोकावरच्या टोपीच्या लगेच मागे, टोकाच्या दोनतीन मिलीमीटरमध्येच असतो. त्याच्या वर पेशी लांबट होतात आणि विभाजन थांबतं. या वाढीच्या भागातही सगळीकडे सारख्या संख्येने विभाजन दिसत नाही. जागा निवडताना अवस्था बघू नका. कमी पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली टोपीच्या मागचा भाग मधोमध आणा, 45 चा ऑब्जेक्टिव्ह लावा, तिथे पहिला फोटो काढा, मग स्लाइड आयपीसमधून दिसणाऱ्या वर्तुळाच्या रुंदीइतकी बाजूला सरकवून दुसरा आणि तसाच तिसरा. नुसता छान नाही म्हणून फोटो टाकून द्यायचा नाही.

मुलींनी असे आणखी दोन फोटो घेतले. एकात 66 पैकी 5 आणि दुसऱ्यात 70 पैकी 6 पेशी विभाजनात होत्या. तिन्ही मिळून 197 पैकी 22, म्हणजे सुमारे 11 टक्के. पहिला निवडलेला फोटो वगळला तर 136 पैकी 11, म्हणजे 8 टक्के. मी त्यांना हा दुसरा आकडा ठेवायला सांगितला आणि न निवडलेला तिसरा फोटो घ्यायला लावला.

आता वर्णनाकडे. फोटोखाली ‘450 पट’ असं लिहिलेलं असतं. मायक्रोस्कोपमधून डोळ्याला 450 पट दिसलं हे ठीक, पण मोबाइलने झूम केलं, प्रिंट लहानमोठी झाली की त्या आकड्याला अर्थ राहत नाही. त्यापेक्षा वर्तुळाची रुंदी काढा. 10 च्या ऑब्जेक्टिव्हखाली प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ठेवा आणि वर्तुळात किती मिलीमीटर मावतात ते वाचा. आमच्या मायक्रोस्कोपवर 1.8 मिमी येतात, तुमच्यावर वेगळे येऊ शकतील. 45 वर ती रुंदी 1.8 × 10 ÷ 45, म्हणजे 0.4 मिमी किंवा 400 मायक्रोमीटर. प्रिंटवर हे वर्तुळ 16 सेंमीचं होतं आणि एक पेशी 1 सेंमी लांब. म्हणजे पेशी 400 चा सोळावा भाग, 25 मायक्रोमीटर. प्रिंट निम्मी केली तर वर्तुळ 8 सेंमी, पेशी अर्धा सेंमी, उत्तर पुन्हा 25. यासाठी फोटोत वर्तुळाची पूर्ण कड असायलाच हवी.

आणि जे दिसलं तेच लिहा. याच स्लाइडखाली मी ‘मोठी रिक्तिका, कडेला सरकलेलं केंद्रक’ असं वाचलंय. ते कांद्याच्या सालीचं वर्णन. टोकाच्या पेशी जवळजवळ चौकोनी, केंद्रक मोठं आणि मध्यात, मोठी रिक्तिका दिसत नाही. केंद्रक लाल असतं असंही नाही, लाल आहे तो अॅसिटोकार्मिनचा रंग. त्या रंगात तर्कूचे धागे दिसत नाहीत, मग आकृतीत ते कुठून आले? ‘गुणसूत्रे 16’ हेही पुस्तकातून उतरवलेलं असतं. कांद्याची ती संख्या बरोबर आहे, पण उभ्या छेदात ती गुणसूत्रं एकमेकांवर आलेली असतात आणि मोजता येत नाहीत.

त्या मुलीने शेवटी लिहिलेलं वर्णन मी तसंच ठेवलं: ‘चौथ्या रांगेतील पेशी, लांबी सुमारे 25 मायक्रोमीटर. गडद लाल, जाड गुणसूत्रे मध्यावर एका आडव्या रेषेत, टोके थोडी बाहेर आलेली. केंद्रकाची सीमा व केंद्रकी दिसत नाही. वेगवेगळी गुणसूत्रे मोजता आली नाहीत. मध्यावस्था.’