उत्पन्न अनियमित असेल तर दरमहा किती वाचवायचं? या चुका टाळा

मी लग्नांची फोटोग्राफी करतो. काही वर्षांपूर्वी वर्षाची कमाई मोजली, तिला बारानं भागलं, सरासरी 48,000 आली आणि त्यावर विसंबून 10,000 ची एसआयपी सुरू केली. जुलै आणि ऑगस्ट, दोन्ही महिन्यांत हप्ता परत गेला. बँकेनं दोन्ही वेळा दंड कापला, तो वेगळाच. चूक रकमेत नव्हती, ती ठरवण्याच्या पद्धतीत होती.

आमच्या धंद्यात आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतातच. वर्षाच्या सरासरीत मे आणि डिसेंबरची भरभक्कम कमाई या चार महिन्यांचा कोरडेपणा झाकून टाकते. पण हप्ता तर कोरड्या महिन्यातही जाणार असतो. म्हणून रक्कम ठरवताना सगळ्यात कमकुवत चार महिनेच धरायचे. माझे असे होते: जुलै 17,000, ऑगस्ट 14,000, सप्टेंबर 20,000, ऑक्टोबर 29,000. बेरीज 80,000, सरासरी 20,000. घरखर्च, मोबाइल, पेट्रोल, विमा असा न टळणारा खर्च 17,000. म्हणजे दरमहाची पक्की बचत 3,000. आकडा लहान वाटतो, मलाही वाटला होता. पण तेव्हापासून एकही हप्ता चुकलेला नाही.

खात्यात आलेले पैसे म्हणजे कमाई नव्हे

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. 60,000 ची ऑर्डर घेतली की त्यातून अल्बमचे 12,000, दुसऱ्या कॅमेरामनचे 8,000, व्हिडिओ एडिटरचे 6,000 आणि प्रवासाचे 2,000 जातात. हाती राहतात 32,000. त्यात ॲडव्हान्स नोव्हेंबरात येतो आणि अल्बमचं बिल जूनमध्ये भरायचं असतं, त्यामुळे पासबुक पाहून महिना तगडा वाटतो. ॲडव्हान्स आला की त्या ऑर्डरचा येणारा खर्च त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका आणि उरलेली रक्कमच त्या महिन्याची कमाई म्हणून वहीत लिहा. वरचे चारही आकडे असेच काढलेले आहेत.

नको असलेला महिना गाळणं

"ऑगस्टमध्ये आजारी होतो, तो धरायला नको," असं म्हणून महिना गाळला की सरासरी लगेच फुगते. ज्या महिन्यात शून्य कमाई झाली, तोही धरायचाच. उलट फक्त एकच सगळ्यात वाईट महिना धरला, तर माझ्या हिशेबात 14,000 वजा 17,000, म्हणजे बचत कधी सुरूच होणार नाही. बारापैकी तीन-चार महिने धरणं योग्य.

शक्य असेल तर तीन वर्षांची नोंद पाहा. आमच्याकडे त्याला खास कारण आहे: अधिक मास. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, तो तसाही मंदीच्या काळातच गेला. 2026 चा अधिक ज्येष्ठ मात्र 17 मे ते 15 जून असा, ऐन हंगामात. एकाच वर्षाचे आकडे घेतले तर असा फटका दिसतच नाही.

सरासरी जमली, तरी क्रम चुकवतो

चार महिन्यांचा हिशेब एकत्र केला की 3,000 बरोबर बसतात. पण महिने एकेक करून येतात. जुलैत खर्च आणि बचत मिळून 20,000 लागले, आले 17,000, म्हणजे 3,000 कमी. ऑगस्टमध्ये आणखी 6,000 कमी. सप्टेंबरात बरोबरी. ऑक्टोबरात 9,000 जास्त आले तेव्हा कुठे खड्डा भरला. तोवर हे 9,000 कुठून तरी आणावे लागतात. त्यात एखाद्या पार्टीनं सप्टेंबरचे 20,000 ऑक्टोबरात दिले, तर खड्डा 29,000 चा होतो. म्हणून जून संपण्याआधी 30,000 साध्या बचत खात्यात बाजूला काढून ठेवतो. ते बचतीत धरत नाही, तो चातुर्मासाचा शिधा आहे.

आपली रक्कम चुकली आहे हे कसं ओळखायचं? कोरड्या महिन्यात क्रेडिट कार्डावर किराणा भरावा लागला किंवा गेल्या महिन्यात वाचवलेले पैसे मोडावे लागले, तर ती जास्त आहे. सरासरीतून खर्च वजा केल्यावर काहीच उरत नसेल, तर पक्का हप्ता लावूच नका. तेव्हा फक्त चांगल्या महिन्यांतून वाचवा.

चांगल्या महिन्यांसाठीही नियम आधीच ठरलेला हवा, नाहीतर मे महिन्यात नवी लेन्स येते आणि बचत तीन हजारांवरच अडते. माझा नियम असा: 20,000 च्या वर जे येईल त्याचे 40 टक्के पैसे आल्याच्या आठवड्यातच बचतीत. मेमध्ये 88,000 आले, त्यातले 27,200 असे गेले. उरलेल्यातून आधी शिधा, मग 15 मार्चच्या आत भरायच्या ॲडव्हान्स टॅक्सची तजवीज, आणि त्यानंतर लेन्स.

हा सगळा हिशेब दरवर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला नव्यानं मांडतो, कारण नुकतेच गेलेले चार महिने तेव्हा वहीत ताजे असतात.