सहल ठरवताना ‘कुठेही चालेल’ या उत्तरावर थांबण्याची चूक टाळा

इंदूरमधील चार-पाच मराठी कुटुंबांना श्रावणातल्या रविवारी एकत्र सहलीला जायचे असते. व्हॉट्सॲपवर ‘कुठे जाऊ या?’ असा प्रश्न येतो आणि त्याखाली ‘कुठेही चालेल’, ‘तुम्ही ठरवा’ अशी उत्तरे जमत जातात. ही उत्तरे संमती समजणे, ही पहिली चूक होय, कारण बहुतेक वेळा त्यांच्यामागे अडचण सांगण्याचा संकोच असतो. अमेरिकी अभ्यासक जेरी हार्वी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध उदाहरणातील कुटुंब भर उन्हात ॲबिलीन या गावी जाऊन आले. मनातून कोणालाच जायचे नव्हते, पण इतरांना जायचे आहे असे समजून प्रत्येकाने होकार दिला होता.

दुसरी चूक म्हणजे कंटाळून मतदान घेणे. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, पाताळपाणी आणि उज्जैन अशी पाच नावे ठेवली आणि चौदा जणांपैकी पाच मते मांडूला मिळाली, तर मांडू जिंकते खरे, परंतु उरलेल्या नऊ जणांना काय नको होते, हे कोणालाच कळत नाही. रुसवे पुढे तिथूनच निघतात.

म्हणून एकाने जबाबदारी घ्यावी आणि पसंती न विचारता प्रत्येक घराला वेगळा फोन करून काय जमणार नाही, एवढेच विचारावे. समजा, एका घरातील आजींना चढ झेपत नाही, दुसऱ्या घरी मुलाची सोमवारी परीक्षा असल्याने सातपर्यंत परतायचे आहे आणि तिसऱ्या घराला खर्च माणशी आठशेच्या आत हवा आहे. खर्चाची मर्यादा सर्वांसमोर विचारल्यास कोणी खरी सांगत नाही, म्हणून फोन महत्त्वाचा. ती ज्याने सांगितली त्याचे नावही पुढे कुठे घेऊ नये.

या अटींत मांडू बसते, कारण ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. सकाळी साडेसहाला निघून दुपारी साडेतीनला परतीला लागता येते, आणि रूपमती मंडपाचा चढ ज्यांना नको ते जहाज महालाच्या परिसरात थांबू शकतात. मग गटावर असा एकच प्रस्ताव द्यावा: ‘रविवारी मांडू, साडेसहाला निघणे, सातच्या आत परत, माणशी आठशेच्या आत. बुधवारी रात्री नऊपर्यंत कोणाची हरकत आली नाही, तर गाडी सांगतो.’

मौनाचा अर्थ होकार धरला जाईल, हे असे आधीच सांगितलेले असले तरच तो धरावा, आणि गट क्वचितच पाहणाऱ्या ज्येष्ठांना मात्र स्वतः विचारावे. हरकत आलीच, तर तिच्यापुरता बदल करावा, साऱ्या चर्चेला पुन्हा आरंभ करू नये. मुदतीनंतर आलेली नुसती आवड पुढच्या सहलीसाठी लिहून ठेवावी. आजारपण किंवा मुसळधार पाऊस असेल, तर बेत निःसंकोच बदलावा.