निकालाची आणि रोजनाम्याची नक्कल मागताना या चुका टाळा

"निकालाची व ऑर्डरशीटची प्रमाणित प्रत मिळावी, ही विनंती." एवढ्या एका वाक्याचं पत्र नक्कल विभागात देऊन लोक निर्धास्त होतात. आठवड्याने चौकशीला गेलं की पत्र तसंच्या तसं परत हातात येतं, वर लाल शाईत शेरा: "तपशील अपूर्ण." दाव्याचा कोणता नंबर, कोणती ऑर्डरशीट, कोणत्या तारखेची, यातलं काहीच लेखनिकाला त्या वाक्यातून कळत नाही. तोवर अपिलाची मुदत मात्र चालूच असते.

हे पत्र म्हणजे नक्कल अर्ज नव्हे, इथूनच गोंधळ सुरू होतो. अर्ज न्यायालयाच्या छापील नमुन्यात असतो आणि कोर्ट फीचं तिकीट त्यावर लागतं. नमुन्यात जागा बोटभर असते. काय काय हवं ते सविस्तर सांगायला सोबत पत्र जोडायचं. नुसतं पत्र दिलं तर ते आवक टपालात पडून राहतं, नकलांच्या नोंदवहीत चढत नाही.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे जमिनीच्या ताब्याचा दावा होता. 1 जुलै 2025 रोजी निकाल प्रतिवादीच्या विरोधात गेला. त्याला जिल्हा न्यायालयात अपील करायचं आहे आणि त्यासाठी मुदत 30 दिवस. 8 जुलैला त्याने अर्ज आणि पत्र दिलं, दोन्हीकडे दावा क्रमांक लिहिला 388/2017. लेखनिकाने नोंदवही पाहिली तर त्या क्रमांकाला भलत्याच पक्षकारांचा दावा निघाला. कागद परत आले.

चूक झाली ती संकेतस्थळ बघताना. services.ecourts.gov.in वर प्रकरण उघडलं की तीन क्रमांक दिसतात: Filing Number, Registration Number आणि CNR Number. पहिला क्रमांक दावा दाखल करताना पडतो. छाननी होऊन नोंदणी झाली की दुसरा मिळतो. न्यायालयात दावा ओळखला जातो तो नोंदणी क्रमांकाने, आणि त्याच्याआधी प्रकाराचं नाव लागतं: नियमित दिवाणी दावा, विशेष दिवाणी दावा, दरखास्त, किरकोळ अर्ज. आपल्या प्रतिवादीने दाखल क्रमांक उचलला होता. खरा क्रमांक होता नियमित दिवाणी दावा 214/2017. सोळा अक्षरी सीएनआरही पत्रात लिहावा, कारण त्यात जिल्हा, न्यायालय आणि वर्ष सगळं गुंफलेलं असतं आणि दोन दाव्यांना एकच सीएनआर कधी नसतो. दोन्ही बाजूंच्या पहिल्या पक्षकाराचं नाव लिहिलं की एखादा आकडा चुकला तरी लेखनिकाच्या तो लगेच लक्षात येतो.

आता ऑर्डरशीटकडे वळू. जास्तीत जास्त पत्रं इथे फसतात, आणि इथली चूक नक्कल हातात पडेपर्यंत कळतही नाही.

आपल्याकडे दिवाणी न्यायालयात ऑर्डरशीट म्हणजे रोजनामा. त्या तारखेला कोण हजर होतं, काय घडलं, पुढची तारीख कशासाठी, हे त्यात दोन-चार ओळींत असतं. पण एखाद्या अर्जावरचा सविस्तर आदेश बहुतेक वेळा त्या अर्जावरच किंवा त्याला जोडलेल्या कागदावर लिहिला जातो. दप्तरात प्रत्येक अर्जाला क्रमांक पडतो, ती त्याची निशाणी, थोडक्यात "नि." म्हणून अशा आदेशाला निशाणीखालचा आदेश म्हणतात. रोजनाम्यात त्या दिवशी फक्त "नि. 41 वर आदेश पारित" एवढीच नोंद असते.

आपल्या प्रतिवादीची खरी तक्रार अशी की त्याला साक्षीदाराची उलटतपासणीच घेऊ दिली नाही. 14 फेब्रुवारी 2024 रोजी तो गैरहजर होता म्हणून "उलटतपास नाही" असा आदेश झाला. तो रद्द करावा म्हणून त्याने दिलेला अर्ज निशाणी 41 वर आहे आणि 6 मार्च 2024 रोजी तो फेटाळला गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 105 प्रमाणे मधल्या टप्प्यातल्या अशा आदेशातली चूक, निकालावर तिचा परिणाम झाला असेल तर, हुकूमनाम्यावरच्या, म्हणजे निकालाप्रमाणे निघणाऱ्या औपचारिक हुकमावरच्या, अपिलात मुद्दा म्हणून मांडता येते. म्हणजे अर्ज का फेटाळला याची कारणं अपिलात हवीतच. पण त्याने नुसती "ऑर्डरशीट" मागितली असती तर हातात आली असती ती "आदेश पारित" ही ओळ. कारणं राहिली असती निशाणी 41 खाली, न मागितलेली.

म्हणून मागणी दोन भागांत लिहावी: अमुक तारखांचा रोजनामा, आणि अमुक निशाणी व तिच्याखालचा आदेश. निशाणी क्रमांक माहीत नसेल तर संकेतस्थळावर Case History मधली त्या दिवसाची तारीख उघडून पाहावी. तिथेही नसेल तर वकिलामार्फत दप्तराची पाहणी करून घ्यावी. "संपूर्ण रोजनामा द्यावा" असं लिहिणं सोपं वाटतं. आठ वर्षं चाललेल्या दाव्यात त्याची शेकड्याने पानं भरू शकतात, खर्च पानांवर लागतो आणि नक्कलही उशिरा तयार होते. इथे दोनच तारखांनी काम भागतं. मात्र दावा कसा रेंगाळला हेच दाखवायचं असेल, तर संपूर्ण रोजनामा मागण्याला पर्याय नाही.

निकाल आणि हुकूमनामा हेही वेगळे कागद आहेत. पत्रात दोघांची नावं लिहावीत. हुकूमनामा निकालानंतर तयार होतो. त्याला 15 दिवसांची मुदत आहे. म्हणून "जी नक्कल आधी तयार होईल ती आधी द्यावी" हे वाक्य पत्रात घालायला विसरू नका. नाहीतर एका कागदासाठी सगळा गठ्ठा अडून राहतो.

दुरुस्त पत्राचा गाभा असा होता:

> प्रति, मा. सहायक अधीक्षक, नक्कल विभाग
> विषय: नियमित दिवाणी दावा क्र. 214/2017 मधील नकला तातडीने मिळण्याबाबत
> महोदय, मी वरील दाव्यातील प्रतिवादी क्र. 1 आहे. दाव्याचा निकाल दि. 01/07/2025 रोजी झाला असून मला अपील दाखल करावयाचे आहे. तरी खालील कागदपत्रांच्या प्रत्येकी एक प्रमाणित नकला मिळाव्यात:
> 1) दि. 01/07/2025 चे न्यायनिर्णय
> 2) हुकूमनामा
> 3) दि. 14/02/2024 व दि. 06/03/2024 चा रोजनामा
> 4) नि. 41 व त्याखालील दि. 06/03/2024 चा आदेश
> जी नक्कल आधी तयार होईल ती आधी द्यावी. नकलांचा खर्च कळवल्यास त्वरित जमा करीन.

खाली सही, पत्ता, चालू मोबाइल नंबर आणि सोबत जोडलेल्या कागदांची यादी. वरच्या भागात सीएनआर आणि पक्षकारांची नावं. दाव्याची हकिगत, आपल्यावर कसा अन्याय झाला वगैरे एक ओळही नको. नक्कल विभागाला त्याचं काही करता येत नाही.

या पत्राची तारीख होती 18 जुलै. नक्कल तयार झाली 28 जुलैला. मुदत अधिनियम 1963 च्या कलम 12 प्रमाणे निकालाचा दिवस आणि नक्कल मिळवण्यासाठी लागलेला काळ मुदतीतून वगळतात. मूळ मुदत 31 जुलैला संपत होती. 18 ते 28 जुलै हे 11 दिवस वगळले की शेवटची तारीख येते 11 ऑगस्ट. पहिलाच अर्ज बरोबर असता तर 8 ते 28 जुलै असे 21 दिवस मिळून 21 ऑगस्टपर्यंत वेळ राहिला असता. परत आलेला अर्ज मोजणीत धरला जात नाही. एका चुकीच्या आकड्याने दहा दिवस खाल्ले.

मोजताना आणखी एक घसरगुंडी आहे. लोक नक्कल हातात पडली त्या दिवसापर्यंत मोजतात. प्रतिवादीने ती 6 ऑगस्टला नेली, पण 29 जुलैपासूनचे दिवस त्याच्याच खात्यात गेले. वगळायचा काळ नक्कल तयार झाली तिथे थांबतो. खर्च भरायला सांगूनही भरला नाही तर तो उशीरही आपलाच. म्हणून मोबाइल नंबर, आणि म्हणूनच दर दोन दिवसांनी नक्कल विभागाच्या सूचना फलकावर नजर. पत्राची दुसरी प्रत काढून तिच्यावर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. पुढे तारखेवरून वाद झाला तर दाखवायला तीच पोच असते.

बाकीच्या अडचणी चटकन सांगतो. "दप्तर उपलब्ध नाही" असा शेरा आला तर दप्तर हरवलं असं समजू नका. बहुतेक वेळा ते अभिलेख कक्षात जमा झालेलं असतं, किंवा दुसऱ्या पक्षकाराने आधीच अपील केल्यामुळे वरच्या न्यायालयात गेलेलं असतं. कुठे गेलं ते जावक नोंदीतून विचारून घ्यावं आणि पत्र त्या ठिकाणी द्यावं. दाव्यात पक्षकार नसलेल्या माणसाने नक्कल का हवी याचं कारण प्रतिज्ञापत्रासह द्यावं आणि परवानगीचा आदेश होईपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. मुलगा किंवा भाऊ नक्कल न्यायला जाणार असेल तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र पहिल्याच दिवशी जोडावं. संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल वाचायला आणि अपिलाचे मुद्दे काढायला उत्तम. पण त्यावर नक्कल विभागाचा सही-शिक्का नसतो, त्यामुळे प्रमाणित नकलेच्या जागी तो चालत नाही.

नक्कल हातात आली की खिडकीपासून हलायच्या आधी शेवटचं पान उलटावं. तिथे अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा लिहिलेल्या असतात. अपिलातली मुदत त्यांवरूनच मोजली जाणार. आपल्या पोचेवरच्या तारखेशी अर्जाची तारीख ताडून पाहावी. मग पानं मोजावीत आणि निशाणी 41 चा आदेश खरंच आत आहे का, तो सलग वाचता येतो का, ते बघावं. आमच्याकडे एकदा आदेशाचं फक्त पुढचं पान आलं होतं, पाठच्या बाजूला लिहिलेली कारणं छायाप्रत काढताना राहिली होती. खिडकीवरच लक्षात आलं म्हणून त्याच दिवशी दुरुस्त होऊन मिळालं.